सपाट तळपाय, उंच कमान: कोणते रनिंग शूज घ्यावेत आणि कधी बदलावेत

प्रश्न: माझे तळपाय सपाट आहेत आणि धाकट्या बहिणीच्या पायाची कमान खूप उंच आहे. आम्ही दोघी बडोद्यात कमाटीबागेच्या बाजूला सकाळी पळतो, आठवड्याला साधारण ३० किमी. दुकानदाराने मला कडक सपोर्टवाले शूज दिले, त्यात आतल्या बाजूला तळव्याला टोचतं. बहिणीलाही तेच मॉडेल घेतलं, तर तिचा पाय बाहेरच्या बाजूला मुरगळतो आणि लेसखाली मुंग्या येतात. आम्ही कोणते शूज घ्यावेत? माझा आधीचा जोड १४ महिन्यांचा आहे, पण वरून नवाच दिसतो. तो वापरत राहू का?

उत्तर: जुना जोड आता पळायला वापरू नका, चालायला ठेवा. त्याची कारणं पुढे येतीलच. आधी पायांचं बघू.

ओल्या पायाचा ठसा तुम्ही पाहिला असेल. पाय भिजवून कोटा फरशीवर उभं राहायचं. पूर्ण तळवा उमटला तर सपाट, आणि टाच व चवडा यांच्यामध्ये बारीक पट्टी उमटली किंवा काहीच उमटलं नाही तर उंच कमान. ही चाचणी खोटी नाही, पण अपुरी आहे. उभं असताना कमान किती उंच दिसते एवढंच ती सांगते. पळताना पाय किती वाकतो, किती ताठ राहतो, हे त्यातून कळत नाही, आणि शूजच्या निवडीत खरा प्रश्न तोच असतो.

म्हणून घरीच आणखी दोन गोष्टी करून बघा. पहिली तुमच्यासाठी. अनवाणी उभ्या राहा, भिंतीला हलका हात लावा आणि दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर या. बहिणीला मागून, टाचांच्या उंचीवर मोबाइल धरून व्हिडिओ काढायला सांगा. टाच उचलल्यावर तळव्याखाली कमान तयार झाली आणि टाच किंचित आतल्या बाजूला वळली, तर तुमचा पाय सपाट असला तरी लवचिक आहे. सपाट पायांपैकी बहुतेक पाय असेच असतात, आणि दुखत नसतील तर त्यांना उपचाराची गरज नसते. टाच उचलूनही तळवा सपाटच राहिला आणि टाच बाहेरच झुकलेली राहिली, तर पाय ताठ आहे. तो शूजच्या दुकानाचा विषय नाही, हाडांच्या डॉक्टरांचा आहे.

आता हेच एका पायावर करा. एका पायावर उभं राहून टाच सलग ८-१० वेळा उचलता यायला हवी. घोट्याच्या आतल्या हाडामागून एक स्नायुबंध तळव्याकडे जातो आणि कमान उचलून धरण्याचं मोठं काम तोच करतो. टाच उचलताच येत नसेल, किंवा त्या हाडाच्या मागे-खाली दुखत असेल, सूज असेल, किंवा एकाच पायाची कमान गेल्या काही महिन्यांत खाली बसली असेल, तर पळणं थांबवा आणि आधी दाखवून घ्या. असा पाय नव्या शूजने बरा होत नाही. उलट शूज बदलत राहण्यात वेळ जातो आणि दुखणं वाढतं.

दुसरी चाचणी बहिणीसाठी. तिला खुर्चीत बसवा, पाऊल जमिनीवर हलकं टेकवा आणि कमानीखाली किती जागा आहे ते बघा. मग तिला त्याच जागी उभं करा. वजन आल्यावर कमान थोडी बसली तर चांगलं आहे. बसताना जेवढी होती तेवढीच उभं राहिल्यावरही राहिली, तर पाय ताठ आहे. अशा पायाला दणका स्वतःत जिरवता येत नाही, तो टाच आणि चवडा या दोनच जागांवर पडतो. तिच्या चवड्याखाली, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी, कातडी जाड झालेली असेल तर हेच चाललं आहे असं समजा. एक मात्र लक्षात ठेवा: उंच कमान जन्मापासून दोन्ही पायांना असेल तर ती शरीराची ठेवण असते. पण ती अलीकडे वाढत चालली असेल, बोटं पंजासारखी आखडत असतील, किंवा एकाच पायाला असेल, तर कारण नसांमध्ये असू शकतं. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला उशीर करू नका.

आता शूज. दुकानात ठसा बघून सपाट पायाला कडक सपोर्ट, उंच कमानीला मऊ गादी आणि मध्यम कमानीच्या पायाला साधे शूज, असा हिशेब सांगतात. वाटतो बरोबर, पण तो तपासल्यावर डळमळतो. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन या तिन्हींच्या प्रशिक्षणार्थींवर तो २००९-१० च्या सुमारास तपासला गेला. एका गटाला पायाच्या ठशाप्रमाणे शूज दिले, दुसऱ्या गटाला ठसा काहीही असो, एकाच प्रकारचे. दुखापतींत फारसा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावकांना साधे शूज देऊन वर्षभर पाहिलं. २०१४ साली निष्कर्ष आला की नुसता पाय आत झुकतो म्हणून दुखापत जास्त होते, असं दिसत नाही. अतिशय सपाट पाय त्या अभ्यासात थोडेच होते, हे मात्र ध्यानात घ्या. उलट लक्झेंबर्गमध्ये ३७२ धावकांवर झालेल्या प्रयोगात (२०१६) आतला आधार असलेल्या शूजमध्ये दुखापती कमी झाल्या, आणि हा फायदा मुख्यत: पाय आत झुकणाऱ्यांना दिसला. या सगळ्यातून माझं मत असं: सपाट पाय म्हणून आपोआप सगळ्यांत कडक शूज घेणं चूक आहे, आणि आधाराचा काहीच उपयोग नाही म्हणणंही चूक आहे. आधार बेताचा हवा आणि पायाला न टोचणारा हवा.

तुम्हाला जे टोचतं, त्याचं कारण शूज हातात घेतल्यावर सापडेल. तळाचं काळं रबर आणि तुमचा पाय यांच्यामध्ये जो जाड फोम असतो, त्याला मिडसोल म्हणतात. टाचेपासून कमानीपर्यंत त्याची आतली बाजू अंगठ्याने दाबा, मग बाहेरची बाजू दाबा. जुन्या धाटणीच्या सपोर्ट शूजमध्ये आतली बाजू स्पष्टपणे कडक लागते, बरेचदा तिथल्या फोमचा रंगही राखाडी असतो. लवचिक सपाट पाय पळताना खाली बसतो आणि नेमका या कडक ठोकळ्यावर किंवा सुखतळ्याच्या उंचवट्यावर येतो. दुकानात उभं असताना ते फक्त ‘जाणवतं’, आणि ५-६ किमीनंतर तिथे फोड येतो. ‘सवय होईल’ असं सांगितलं जातं, पण टोचणारा उंचवटा सवयीने नाहीसा होत नाही. नव्या धाटणीच्या शूजमध्ये कडक ठोकळ्याऐवजी मिडसोलच्या कडा दोन्ही बाजूंनी थोड्या वर उचललेल्या असतात आणि तळ रुंद असतो. पाय वाटीत बसल्यासारखा बसतो, झुकण्याला आवर बसतो आणि तळव्याला काही टोचत नाही. तुमच्यासाठी आधी हा प्रकार घालून बघा, आणि त्याच्या शेजारी एक साधा, रुंद तळाचा बिनसपोर्टचा जोडही. पळून बघितल्यावर ज्यात पायाची आठवण कमी होते तो घ्या.

बहिणीचं नेमकं उलटं झालं आहे. तिचा पाय आधीच बाहेरच्या कडेवर झुकलेला असतो, आणि आतला कडक ठोकळा त्याला आणखी बाहेर ढकलतो. घोटा मुरगळतो तो त्यामुळे. तिला तो जोड परत देता आला तर द्या, नाहीतर चालण्यासाठीसुद्धा ठेवू नका. तिला आतला आधार नसलेले, चांगल्या गादीचे शूज हवेत. पण इथेही एक खड्डा आहे. ‘उंच कमान म्हणजे मऊ शूज’ म्हणून लोक सगळ्यांत जाड, सगळ्यांत मऊ जोड उचलतात. मऊ फोमचा उंच आणि अरुंद तळ ताठ पायाखाली डुगडुगतो आणि घोटा पुन्हा बाहेर जातो. शूज टेबलावर ठेवून मागून बघा: जमिनीला टेकणारा तळ वर टाच धरून ठेवणाऱ्या कपापेक्षा रुंद असायला हवा. मग टाचेचा कप दोन बोटांत दाबा, तो सहज चपटा होता कामा नये.

तिला लेसखाली मुंग्या येतात त्याचं कारण पायाची उंची. उंच कमानीचा पाय वरूनही उंच असतो, आणि लेसची फुली नेमकी त्या उंचवट्यावर बसते. शूज न बदलताही याला उपाय आहे. लेस त्या उंचवट्याखालच्या भोकांपर्यंत नेहमीसारखी ओवा. उंचवट्याच्या जागी फुली घालू नका: डावी लेस डाव्याच बाजूने वरच्या भोकात आणि उजवी उजव्याच बाजूने वरच्या भोकात न्या, आणि त्यानंतर पुन्हा फुली सुरू करा. मध्ये खिडकीसारखी मोकळी जागा राहते आणि तिथला दाब जातो. तरीही बधिरपणा राहिला तर शूजच्या आत उंची कमी आहे. लांबीचा नंबर वाढवून ते सुटणार नाही, दुसरं मॉडेल बघा.

मापासाठी दोघींना एकच पद्धत. संध्याकाळी जा, तेव्हा पाय दिवसभराच्या वापराने किंचित फुगलेले असतात, जसे पळताना होतात. पळताना घालता तेच मोजे न्या. शूजमधला सुखतळा बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभ्या राहा. सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असं नाही) अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण १ ते १.२ सेंमी जागा हवी, आणि चवडा सुखतळ्याच्या बाजूंनी बाहेर सांडता कामा नये. सपाट पाय वजन पडल्यावर लांब आणि रुंद होतो, त्यामुळे बसून घेतलेलं माप तुम्हाला फसवेल. चवडा सांडत असेल तर नंबर वाढवू नका, रुंद मापाचा जोड मागा. बायकांच्या शूजमध्ये नेहमीची रुंदी बी आणि रुंद माप डी असतं, पुरुषांत नेहमीची डी आणि रुंद २ई. रुंद माप मिळत नसेल तर पुरुषांच्या मापातला जोड घालून बघायला काहीच हरकत नाही. मग दुकानाबाहेर फुटपाथवर दोन-तीन मिनिटं पळा. टाच आत वर-खाली सरकता कामा नये. ऑनलाइन मागवत असाल तर परत घेणारेच घ्या आणि घरातल्या स्वच्छ फरशीवर हीच सगळी तपासणी करा.

वेगळा सुखतळा घालायचा झाला तर कंपनीचा आधी काढा. त्यावरच दुसरा चढवला की टाच वर येते, कपाबाहेर निसटते आणि बोटांना जागा कमी पडते. बहिणीला कमानीला मऊ टेकण देणाऱ्या सुखतळ्याचा उपयोग होऊ शकतो, कारण टाच आणि चवड्यावरचं थोडं वजन मधल्या भागावर वाटलं जातं. तुम्ही मात्र बाजारातला कडक कमानीचा सुखतळा स्वतःच्या मनाने घालू नका. टोचणं पुन्हा तिथूनच सुरू होईल.

आता शूज कधी बदलायचे. ‘वरून नवा दिसतो’ हे तुमच्याइतकंच इतरांचंही फसण्याचं कारण आहे. वरचं कापड आणि तळाचं रबर बरंच टिकतं, आधी संपतो तो मधला फोम. त्यात बारीक हवेचे फुगे असतात. हजारो पावलांनी ते चेपतात आणि पुन्हा पूर्ण फुगत नाहीत. रोजच्या सरावाचा जोड साधारण ५०० ते ८०० किमी चालतो, शर्यतीचे हलके शूज त्याहून बरेच कमी. तुमचा हिशेब करा: १४ महिने म्हणजे साधारण ६० आठवडे, ३० किमीने १८०० किमी. पावसाळा, लग्नं, नवरात्र, आजारपण असं धरून निम्मं पळणं बुडालं तरी ९०० होतात. फोम गेलेला आहे.

किमीचा आकडा सगळ्यांना सारखा नसतो, म्हणून शूज वाचायला शिका. जोड सपाट टेबलावर ठेवून मागून बघा. तुमच्या बाबतीत टाचेचा कप आतल्या बाजूला झुकलेला दिसेल, तर बहिणीच्या शूजचा बाहेर. झुकलेला शूज नवा असताना जे रोखत होता तेच तो आता वाढवत असतो, म्हणून रबर शिल्लक असलं तरी तो पळण्यातून काढायचा. मग मिडसोलच्या बाजूकडे बघा. आडव्या बारीक सुरकुत्या, दाबले नसतानाही दिसणाऱ्या, पडल्या असतील आणि अंगठ्याने दाबल्यावर फोम दबत नसेल, तर गादी संपली. बहिणीने सुखतळा काढून आत हात घालावा. ताठ पायाचे शूज अनेकदा बाहेरून ठीक दिसतात आणि आत चवड्याखाली, अंगठ्याच्या व करंगळीच्या मुळाशी, खळगे पडलेले असतात. तिने ५०० किमीनंतर दर पंधरवड्याला हे बघावं.

तळाच्या रबराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. टाचेची बाहेरची-मागची कड झिजली की ‘तुमचा पाय बाहेर पडतो’ असं सांगून शूज विकले जातात. टाचेवर पाय टेकवणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचीच ती कड आधी झिजते, सपाट पायवाल्यांचीही, कारण पाय जमिनीला तिथेच पहिल्यांदा टेकतो. त्या खुणेवरून काहीच ठरवू नका. बाहेरची कड टाचेपासून करंगळीपर्यंत सलग झिजली असेल तर मात्र ती उंच कमानीची खूण आहे. आणि झीज रबर ओलांडून फोमला लागली असेल, तर किमी कितीही असोत, जोड संपला.

सगळ्यांत सोपी परीक्षा अशी: एका पायात जुना, दुसऱ्यात त्याच धाटणीचा नवा घालून पाच-दहा मीटर पळा. जुन्या बाजूला जमीन ‘लागते’. तसंच, अंतर आणि वेग तोच असताना दोन्ही नडग्या किंवा गुडघे अचानक दुखू लागले, तर आधी शूजची तारीख बघा. पण नवरात्रानंतरच्या दुखण्याला शूज लगेच बदलू नका. नऊ रात्री गरबा म्हणजे नऊ दिवसांचं न नोंदलेलं पळणं असतं, त्यात अनेक जण अनवाणी खेळतात. आठवडाभर पळणं कमी करा आणि मग ठरवा. पळायचे शूज घालून गरबा खेळूही नका. ते सरळ पळण्यासाठी बनवलेले असतात, गिरक्यांनी चवड्याचं रबर आणि बाजूचं कापड लवकर जातं.

आपल्याकडच्या उन्हाने शूज वेगळ्या तऱ्हेने मरतात. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत ठेवलेल्या शूजचा गोंद सुटतो आणि फोम मऊ होऊन आकार सोडतो. पावसात भिजले तर सुखतळा काढून वेगळा ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासा-दोन तासाने बदला, आणि पंख्याखाली सावलीत वाळवा. कडक ऊन, हीटर, वॉशिंग मशीन यांतलं काही नको. सेलमध्ये दोन-तीन वर्षं पडून असलेला जोड स्वस्त मिळाला तरी आधी सोल चहूबाजूंनी वाकवून सांधा सुटतोय का बघा, न वापरताही गोंद आणि फोम म्हातारे होतात.

आता तुमचं वेळापत्रक. समजा नवे शूज तुम्ही १ जुलैला सुरू केले. आठवड्याला ३० किमीने २० आठवड्यांत ६०० किमी होतात, म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. हिवाळ्यातली शर्यत पळायची असेल तर त्याच सुमाराला दुसरा जोड आणा. त्याच दिवशी जुना टाकू नका. पहिला आठवडा नवा जोड ३-४ किमीच्या दोन पळण्यांनाच वापरा, बाकी जुन्यात पळा. दुसऱ्या आठवड्यात निम्मं-निम्मं करा. लांब पळणं तिसऱ्या आठवड्यापासून नव्यात. नव्या शूजच्या तळाची टाचेखालची आणि चवड्याखालची उंची यांतला फरक जुन्यापेक्षा ३-४ मिमीहून अधिक घटलेला असेल, तर हा काळ दुप्पट करा, नाहीतर पोटरी आणि टाचेमागची शीर धरते. बहिणीने दोन वेगळ्या मॉडेलचे जोड आलटून-पालटून वापरले तर उत्तम. शूजच्या जिभेच्या आतल्या बाजूला पहिल्या दिवसाची तारीख पेनने लिहा आणि त्या दिवशी टेबलावर ठेवून मागून एक फोटो काढा. पुढे दर १०० किमीला त्याच जागेवरून दुसरा फोटो काढून शेजारी ठेवला, की कप कुठे झुकायला लागला ते तुम्हाला दुकानदाराच्या आधी दिसेल.